फेज अँगल घसरला? आहार बदलण्याआधी या चुका तपासा

फेज अँगल म्हणजे अंगातून सौम्य वीज सोडून काढलेला, पेशींच्या तब्येतीचा अंदाज देणारा कोन. डायलिसिसवरच्या एका काकांचा हा कोन जूनमध्ये ५.३ अंश होता. सप्टेंबरमध्ये, गणपतीनंतरच्या सोमवारी, तो ४.३ आला. तीन महिन्यांत एक अंश म्हणजे मोठी घसरण. मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे स्नायू झिजताहेत ही शंका आधी आली. प्रोटीन वाढवायचा तक्ता लिहायला घेतला. काका बिचारे म्हणाले, "मॅडम, पोरगा रोज दोन अंड्यांचा पांढरा बलक उकडून देतोय. मी एक दिवस चुकवला नाही. मग आकडा उतरला कसा?"

त्या प्रश्नामुळे माझा पेन थांबला. मग मी छापील कागदावरच्या त्या दोन ओळी वाचल्या, ज्या आधी वाचायला हव्या होत्या.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: फक्त अंश वाचणे

फेज अँगल यंत्र थेट मोजत नाही. यंत्र हातापायांतून ५० किलोहर्ट्झचा अगदी सौम्य, न जाणवणारा विद्युतप्रवाह सोडतं आणि दोन गोष्टी मोजतं. एक R, म्हणजे रेझिस्टन्स. शरीरातलं पाणी आणि क्षार वीज वाहून नेतात; पाणी वाढलं की R उतरतो. दुसरी Xc, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स. पेशींचं आवरण छोट्या कपॅसिटरसारखं वागतं, प्रवाहाला क्षणभर अडवून ठेवतं आणि मग सोडतं. धड आवरणाच्या पेशी भरपूर असल्या की Xc जास्त येतो. या दोघांच्या गुणोत्तरातून कोन निघतो:

```
PhA = arctan(Xc / R) × 180 / π
```

शीटमध्ये R हा B2 मध्ये आणि Xc हा C2 मध्ये असेल तर असं लिहायचं:

```
=DEGREES(ATAN(C2/B2))
```

DEGREES विसरलात तर उत्तर ५.३ ऐवजी ०.०९ येईल, कारण ते रेडियनमध्ये असतं. ही चूक लगेच दिसते. गुणोत्तराची चूक मात्र दिसत नाही. काकांचा जूनचा R ५२० ओहम आणि Xc ४८ ओहम होता, कोन ५.३. तिथून ४.३ वर यायचे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत.

समजा, स्नायू झिजले. वीज वाहून नेणारा ऊतींचा जाड दोर बारीक झाला की R वाढतो, ५६० होतो. पेशी कमी झाल्या म्हणून Xc ४२ वर येतो. कोन ४.३.

आता समजा, अंगात पाणी साठलं. R उतरून ४४० होतो, Xc ३३. कोन पुन्हा ४.३.

पहिल्या माणसाला जेवण वाढवून हवं, दुसऱ्याच्या अंगातलं पाणी काढायला हवं, आणि कागदावरचा ठळक आकडा दोघांचा एकच. काकांच्या कागदावर ४४० आणि ३३ होते. R वाढला असता तर माझी शंका पुढे नेण्यात अर्थ होता. तो ८० ओहमने उतरला होता, म्हणजे आधी पाण्याचा हिशोब लावणं भाग होतं. मोज्याचं इलॅस्टिक काढल्यावर घोट्याच्या वर जी खोल खूण राहिली होती, ती मला तेव्हा कुठे दिसली.

रोजच्या कामासाठी एवढी खूणगाठ बांधा: अंश उतरला आणि R वाढला किंवा होता तिथेच राहिला, तर पेशींचा विचार करा. अंश उतरला आणि R सुद्धा उतरला, तर आधी सूज बघा. उलटंही होतं. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलेल्या माणसाचा अंश फसवा चांगला येतो आणि आपण उगाच खूश होतो.

दुसरी चूक: वेळ न पाळणे

जूनचं माप डायलिसिस संपल्यावर अर्ध्या तासाने घेतलं होतं. सप्टेंबरचं माप डायलिसिसच्या आधी, तेही शनिवार-रविवारच्या मोठ्या खंडानंतर घेतलं होतं, ज्यात गणपतीचे पाहुणे आणि पानातलं लोणचं-पापड दोन्ही आलं. ही दोन मापं शेजारी ठेवायला नकोच होती.

त्याच दिवशी डायलिसिसमध्ये २.८ किलो पाणी निघाल्यावर अर्धा तास थांबून आम्ही पुन्हा मोजलं. R ४९२, Xc ४१, अंश ४.८. म्हणजे अर्धा अंश चार तासांत परत आला. चार तासांत कोणाचे स्नायू वाढत नाहीत.

पण R अजून ५२० ला पोचला नव्हता आणि वजन तर नेमकं ठरलेल्या ड्राय वेटवर, म्हणजे जादा पाणी काढल्यावर अपेक्षित असलेल्या वजनावर, ६१ किलोवर आलं होतं. इथे थोडं थांबा, कारण ही डायलिसिसमधली नेहमीची फसगत आहे. माणूस हळूहळू स्नायू गमावतो, त्या जागी पाणी भरतं आणि काटा ६१ च दाखवत राहतो. वजन स्थिर म्हणून सगळे निर्धास्त. आम्ही हे नेफ्रॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी रक्तदाब बघत बघत तीन आठवड्यांत ड्राय वेट ५९.५ वर आणलं. मग R ५१५, Xc ४५, अंश ५.०.

आता हिशोब जुळतो. एका अंशाच्या घसरणीतला अर्धा अंश चुकीच्या वेळेचा, साधारण ०.२ अंगात मुरलेल्या पाण्याचा आणि उरलेला ०.३ हा खऱ्या झिजेचा असण्याची शक्यता. त्या ०.३ साठी आहाराकडे पाहिलं. काका अंडी खात होते, पण डायलिसिसच्या दिवशी दुपारचं जेवण पूर्ण बुडत होतं. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीनचं गणित आठवड्यातले तीन दिवस कोसळत होतं. अंड्यांची संख्या वाढवून ते भरून निघालं नसतं.

डायलिसिस नसलेल्यांसाठीही वेळेचा नियम तोच. सकाळी, रिकाम्या पोटी, लघवी करून, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम आणि मद्य टाळून. पाळी येण्याच्या वयातल्या स्त्रीचं माप दर वेळी चक्राच्या साधारण त्याच दिवसांत घ्या.

तिसरी चूक: झोपवलं आणि लगेच बटण दाबलं

उभं असताना पाणी पायांत उतरतं. आडवं झाल्यावर ते परत पसरायला वेळ लागतो आणि तोवर R सरकत राहतो. म्हणून पाच ते दहा मिनिटं शांत पडू द्या आणि दर वेळी तेवढीच मिनिटं ठेवा. हात अंगापासून दूर, पाय एकमेकांपासून दूर. जाड माणसाच्या मांड्या चिकटतात आणि प्रवाहाला जवळची वाट मिळते; मध्ये कोरडा सुती टॉवेल घाला. हात पलंगाच्या लोखंडी कठड्याला लागलेला नको. एसीने अंग गार पडलं असेल तर पांघरूण घालून ऊब येऊ द्या, कारण गार त्वचेवर R वाढतो.

इलेक्ट्रोड चार. हातावर एक मनगटाच्या दोन हाडांच्या उंचवट्यांमध्ये, दुसरा मधल्या बोटाच्या मुळाशी. पायावर एक घोट्याच्या दोन हाडांमध्ये, दुसरा बोटांच्या मुळाशी. एका जोडीतलं अंतर किमान ५ सेंटीमीटर हवं. लहान चणीच्या बाईच्या हातावर ते भरत नाही, मग दोन्ही इलेक्ट्रोड जवळजवळ चिकटवले जातात आणि Xc बिघडतो. अशा वेळी मनगटाकडचा इलेक्ट्रोड थोडा वर कोपराकडे सरकवा, किती सरकवला ते फाइलमध्ये लिहा आणि पुढच्या वेळी तिथेच लावा. तेल लावलेली किंवा भेगाळलेली त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्या. उघड्या पाकिटातले जेल सुकलेले इलेक्ट्रोड वापरू नका. लागोपाठच्या दोन मापांत Xc तीन-चार ओहमने उड्या मारत असेल तर रुग्णाला दोष देण्याआधी क्लिप आणि वायर बघा. यंत्रासोबत तपासणीचं छोटं सर्किट आलं असेल तर त्याच्यावर छापलेला R आणि Xc यंत्र दाखवतं का, ते सकाळी पाहून घ्या.

पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र छातीत बसवलेल्या माणसाचं हे माप घेऊ नका.

चौथी चूक: "पूर्ण शरीराचा" अंश हे नाव खरं मानणे

हातापासून पायापर्यंतच्या मापात धडाचा वाटा फारच कमी असतो. वजन जवळजवळ अर्धं, पण विजेच्या अडथळ्यात त्याचा वाटा साधारण दहा टक्के, कारण धड रुंद आहे आणि हातपाय लांब-बारीक. म्हणून हा अंश मुख्यतः एका हाताची आणि एका पायाची गोष्ट सांगतो. स्नायूंच्या प्रतीसाठी हे सोयीचं आहे, पण त्यामुळेच एका अवयवातली गडबड सगळा अंश खाली ओढते. हत्तीपायाने सुजलेला पाय, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात, पक्षाघाताने लुळी पडलेली बाजू. अशा बाजूने मोजलं तर सबंध माणूस खंगलाय असं वाटेल. डायलिसिसचा फिस्टुला ज्या हातात आहे तीही बाजू टाळा. कोणती बाजू घेतली ते लिहून ठेवा आणि पुढे तीच धरा.

पोटातल्या पाण्याचं उलट आहे. यकृताच्या रुग्णाच्या पोटात पाच लिटर पाणी असलं तरी या मापात ते जवळजवळ दिसत नाही. पोट रिकामं केल्यावर अंश फारसा हलला नाही, म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका.

पाचवी चूक: उसनी रेघ

"पाचच्या खाली म्हणजे वाईट" ही रेघ सगळ्यांना लावता येत नाही. पुरुषांचा अंश स्त्रियांपेक्षा जास्त असतो आणि वयानुसार तो उतरतो. पंचविशीतल्या खेळाडू मुलाचा ६.० आणि सत्तरीतल्या आजींचा ५.० यात आजींची तब्येत वयाच्या मानाने चांगली असू शकते. म्हणून वय, लिंग आणि बीएमआय धरलेल्या तक्त्यातली सरासरी त्या माणसाच्या अंशातून वजा करून तक्त्यातल्याच प्रमाण विचलनाने भागायचं असतं. एका आजारात काढलेली रेघही दुसऱ्या आजाराला लागत नाही. सिरोसिसच्या रुग्णांमधून ५.४ ही रेघ आली. ती डायलिसिसच्या खोलीत लावली तर अर्धी खोली धोक्यात दिसेल.

शिवाय सगळ्यात जास्त वापरले जाणारे तक्ते जर्मन आणि अमेरिकन लोकांवरून केलेले आहेत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय की तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. मग २२ बीएमआयच्या मराठी माणसाला त्यांच्या २२ च्या रांगेत बसवलं की तो थोडा खालीच येणार. तक्ता वापरा, पण निर्णय त्याच माणसाच्या आधीच्या मापाशी तुलना करून घ्या.

ती तुलनासुद्धा त्याच यंत्रावर. उभं राहून, तळपायाखाली धातूच्या पट्ट्या असलेल्या जिममधल्या यंत्राचा अंश आणि झोपवून चिकट इलेक्ट्रोडने घेतलेला अंश एकमेकांपुढे ठेवू नका. फरक ०.२ च्या आत असेल तर तो मापातल्या हेलकाव्याचा धरा. वयस्कर माणसाने दोन-तीन महिने नेमाने वजनं उचलली तरी वाढ बहुधा अर्ध्या अंशाच्या आतच असते, त्यामुळे दर आठवड्याला मोजून हाती काही लागत नाही.

काकांच्या फाइलमध्ये आता अंशाचा रकाना शेवटी आहे. त्याच्या आधी तारीख, डायलिसिसनंतर किती मिनिटांनी, कोणती बाजू, वजन, R आणि Xc. डायलिसिसच्या दिवशी त्यांचा मुलगा डब्यात दोन पोळ्या, कोरडी भाजी आणि ती दोन अंडी देतो आणि यंत्रावरून उतरल्यावर काका ते तिथेच खातात. आधी माप, मग डबा, एवढा क्रम त्यांनीच लावून घेतलाय.