परीक्षेचं अंदाजित वेळापत्रक पाहून रजा टाकताय? या चुका टाळा

एमपीएससीचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आलं की तासाभरात त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरू लागतात. फिरतो तो तक्ता. वरचा ‘अंदाजित’ हा शब्द आणि खालच्या टिपा बहुतेक वेळा कापलेल्या असतात. पदांची मागणीपत्रं सरकारच्या विभागांकडून वेळेत आली नाहीत, तर जाहिरात लांबते आणि तिच्यामागे परीक्षाही.

म्हणून पहिली चूक म्हणजे या तक्त्यावरून रजेचा अर्ज देणं. यावरून फक्त महिना धरा आणि त्या महिन्यासाठी रजा शिल्लक ठेवा. अर्ज जाहिरात आल्यावर द्या. (साहेबांना कारण खरं सांगावं का, हा वेगळाच विषय आहे.)

दुसरी चूक जास्त महागात पडते: फक्त आपल्याच परीक्षेवर लक्ष ठेवणं. 2025 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा 28 सप्टेंबरला होती. अतिवृष्टी आणि पुरामुळे ती अगदी तोंडावर पुढे ढकलली आणि 9 नोव्हेंबर ही तारीख दिली. पण त्या दिवशी गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा ठरलेली होती, ती 4 जानेवारी 2026 वर गेली. म्हणजे ज्यांनी राज्यसेवेचा फॉर्मही भरला नव्हता, त्यांचीही नोव्हेंबरची रजा वाया गेली. त्याआधी 25 ऑगस्ट 2024 ची राज्यसेवा पूर्व आयबीपीएस क्लार्कच्या परीक्षेशी एकाच दिवशी आली. उमेदवारांच्या आंदोलनानंतर तीही पुढे गेली आणि 1 डिसेंबरला झाली. त्यामुळे आपल्या परीक्षेच्या आगेमागे कोणत्या मोठ्या परीक्षा आहेत, हेही लिहून ठेवा.

आता तिकीट. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं, प्रवेशपत्र मात्र साधारण आठवडाभर आधी येतं. 27 सप्टेंबरच्या गाडीचं तिकीट जुलैअखेरीस काढावं लागतं, तेव्हा हाती असतं ते फक्त जिल्हा केंद्राचं नाव. तेवढ्यावर साधं आरक्षण करायला हरकत नाही. परीक्षा सरकली तर रद्द करताना थोडे पैसे कापले जातील, ते धरून चाला. मात्र परीक्षा पुढे ढकलल्याचं कळताच तिकीट लगेच रद्द करा, कारण गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी कपात वाढते. कन्फर्म तत्काळ तिकिटाचा तर परतावाच मिळत नाही. राहायची खोली मात्र प्रवेशपत्रावर उपकेंद्राचा पत्ता दिसेपर्यंत घेऊ नका. एकाच जिल्ह्यातली दोन उपकेंद्रं एकमेकांपासून बरीच लांब असू शकतात.

रेल्वे भरतीच्या ऑनलाइन परीक्षा बरेच दिवस चालतात. तुमचं शहर आणि तारीख साधारण दहा दिवस आधी कळते. तिथे दोन महिने आधी तिकीट काढण्यात अर्थच नाही.

राहिला रविवार. परीक्षा सुट्टीच्या दिवशी असते म्हणून रजा न टाकणारे सोमवारी सकाळी परतीच्या गाडीतून ऑफिसला फोन करत बसतात. गाव लांब असेल तर अर्ज शनिवार आणि सोमवार दोन्हींचा द्या, आणि ‘परीक्षा पुढे गेल्यास रजा रद्द करावी’ हे वाक्य त्यातच लिहून टाका.