‘फायनल किती?’ला काय उत्तर द्यायचं

जुनी बाईक विकायची जाहिरात टाकलीत आणि गाडी न बघताच कुणी मेसेजवर ‘फायनल किती?’ विचारून तीस टक्के कमी मागितले, तर चिडू नका आणि मेसेजवर दुसरा आकडाही टाकू नका. तो आकडा टाकलात की समोरचा प्रत्यक्ष येऊन घासाघीस तिथूनच सुरू करतो. मी एवढंच लिहितो: “मागचा टायर घासलाय, तो धरूनच किंमत लावली आहे. बाकी गाडी चालवून बघा, खर्चाचं काही निघालं तर बोलू.” निम्मे तिथेच गळतात, गळू देत.

जो येतो, त्याच्यासाठी इंजिन आधी गरम करून ठेवू नका. थंड गाडी त्याच्यासमोर चालू झाली की त्याची अर्धी शंका मिटते. मग तो चेनवर बोट ठेवेल. चेन खरंच सैल असेल आणि स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील, तर चेन-स्प्रॉकेटचा सेट आणि मजुरी, एवढेच कमी करा. टायरचा मुद्दा पुन्हा काढला तर तुमचा मेसेज दाखवा. “गाडी जुनी आहे हो” याचे मात्र पैसे कापायचे नाहीत. ते वर्ष जाहिरातीतच लिहिलेलं होतं.