जुन्या कॉम्प्युटरच्या आतला फोटो वाचण्याआधीची तयारी

भाच्याने सांगलीहून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, ऑफिसमधून निघालेला सीपीयू आहे. 16 जीबी रॅम आणि 4 जीबीचं 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड आहे म्हणतात. घेऊ का?" फोटो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घाईत काढलेला. त्यात धूळ, वायरी आणि एक मोठा पंखा दिसत होता. त्यावरून हो किंवा नाही सांगणं शक्य नव्हतं. मी त्याला पुन्हा दुकानात पाठवलं, पण आधी काय तयारी करायची ते फोनवर सांगितलं. तेच इथे लिहितो, म्हणजे कुणाला दोन खेपा घालाव्या लागणार नाहीत.

आधी मशीन बंद करून प्लग काढायचा आणि मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेला वीजभार निघून जातो. रॅम किंवा कार्ड काढायचं असेल तर आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवायचं, मोबाइल बरोबर वरून सरळ धरायचा आणि फ्लॅश बंद ठेवायचा. रॅमवरचं स्टिकर चकचकीत असतं. फ्लॅश पडला की नेमका हवा तो आकडा पांढऱ्या डागात जातो. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला तर तीच अक्षरं स्वच्छ उठून येतात. फोटो व्हॉट्सॅपवर साधा पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा पाठवला तर तो लहान होऊन जातो आणि झूम केल्यावर 8 आहे की B हे कळत नाही.

फोटो पाच हवेत. पहिला सगळ्या आतल्या भागाचा. दुसरा रॅमच्या स्टिकरचा, आणि तो प्रत्येक रॅमचा वेगळा. तिसरा ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या कडेचा, चौथा मागच्या बाजूने दिसणाऱ्या पोर्टांचा. पाचवा एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरचा. हा पाचवा बहुतेक जण विसरतात आणि कार्ड चालेल की नाही हे त्याच्यावरच ठरतं. कंपनीच्या मशीनवर सर्व्हिस टॅग, म्हणजे त्या मशीनचा ओळख क्रमांक, असतो. तो लिहून घ्या, पण फोटो चारचौघांत टाकणार असाल तर टॅग झाका.

मशीनच्या नावावर विसंबायचं नाही. भाच्याचं मशीन डेल ऑप्टिप्लेक्स 7010 होतं. या नावाचं एक मॉडेल 2012 सालचं आहे. त्यात डीडीआर3 रॅम लागते. त्याच नावाचं दुसरं मॉडेल 2023 मध्ये आलं आणि त्यात डीडीआर4 लागते. नाव एकच, पण एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, कारण खालच्या सोनेरी पट्टीतली खाच वेगळ्या जागी असते. फोटोत खाच नीट दिसत असेल तर तेवढ्यावर ओळखू येतं. आणखी एक खूण म्हणजे डीडीआर4 ची सोनेरी कड मधल्या भागात किंचित बाहेर आलेली असते, डीडीआर3 ची सरळ असते. रॅम स्लॉटमध्ये बसलेली असेल तर यातलं काहीच दिसत नाही. मग स्टिकर वाचायलाच हवं.

आता स्टिकरकडे. भाच्याने दुसऱ्या खेपेला पाठवलेल्या फोटोत चारही स्लॉट भरलेले होते. दुकानदाराचा हिशेब सरळ होता: चार रॅम, प्रत्येकी 4 जीबी, म्हणजे 16. पहिल्या दोन रॅमवर वरच्या ओळीत `4GB 2Rx8 PC3-12800U` असं स्वच्छ छापलेलं होतं. उरलेल्या दोन्हींवर ती ओळ घासून गेली होती. पण खालचा पार्ट नंबर वाचता येत होता. पहिल्या जोडीवर `M378B5273DH0-CK0`, दुसऱ्या जोडीवर `M378B5773DH0-CH9`. लांबून दोन्ही सारखेच वाटतात. मोबाइलवर फोटो ओढून मोठा केल्यावर 5273 आणि 5773 मधला फरक दिसला. या सॅमसंगच्या रॅममध्ये 5273 म्हणजे 4 जीबी आणि 5773 म्हणजे 2 जीबी. म्हणजे एकूण रॅम 16 नव्हे, 12 जीबी.

एका आकड्यावर भरवसा ठेवू नये म्हणून चिपाही मोजायच्या. त्याच 4 जीबीच्या रॅमला दोन्ही बाजूंना आठ-आठ काळ्या चिपा असतात आणि 2 जीबीच्या रॅमला एकाच बाजूला आठ. भाच्याला म्हटलं, दुसऱ्या जोडीतली एक रॅम काढून पाठीचा फोटो काढ. पाठ कोरी निघाली. सरसकट "दोन्ही बाजूंना चिपा म्हणजे जास्त जीबी" असं मात्र धरू नका. नव्या रॅममध्ये एकेक चिपच मोठी असते.

वेगही तिथेच लिहिलेला असतो. `PC3-12800` मधल्या 12800 ला 8 ने भागलं की 1600 येतात, तोच रॅमचा वेग. पार्ट नंबरच्या शेवटी `CK0` असणं म्हणजे तेच. `CH9` म्हणजे 1333, आणि स्टिकरवर ते `PC3-10600` असं दिसतं. 1600 आणि 1333 एकत्र लावल्या की सगळ्या 1333 वर चालतात. रोजच्या कामात हा फरक जाणवणार नाही, त्यामुळे त्यावरून घासाघीस करू नका. `PC3` च्या पुढे L असेल, म्हणजे `PC3L`, तर ती कमी व्होल्टेजची रॅम. ती या जुन्या मशीनमध्येही चालते.

एक अक्षर मात्र चुकवायचं नाही. आकड्याच्या शेवटी U असेल तर ती साध्या डेस्कटॉपची, S असेल तर लॅपटॉपची. R असेल तर ती सर्व्हरची. सर्व्हरची डीडीआर3 रॅम जुन्या बाजारात स्वस्त मिळते आणि स्लॉटमध्ये छान बसतेही, पण असं मशीन तिच्यावर सुरूच होत नाही. स्टिकर फाटलेलं असेल तर चिपा मोजा: एका बाजूला आठऐवजी नऊ दिसल्या तर ती रॅम बाजूला ठेवा.

ग्राफिक्स कार्डाचं वाचन याहून अवघड आहे, कारण पंख्यावरचं स्टिकर कुणीही बदलू शकतो. आधी अंदाजासाठी माप घ्यायचं. कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं तो साधारण 89 मिलिमीटरचा असतो. सरळ वरून काढलेल्या फोटोत कार्ड त्याच्या किती पट आहे ते बघितलं की लांबी कळते. भाच्याच्या फोटोत कार्ड स्लॉटच्या दुपटीहून थोडं जास्त होतं, म्हणजे वीसएक सेंटिमीटर. 1050 टीआयची काही कार्डं एवढी असतात, त्यामुळे मापावरून काही ठरलं नाही.

मग मागचे पोर्ट बघितले. तिथे निळ्या रंगाचा व्हीजीए पोर्ट होता. 1050 टीआय 2016 सालचं आहे आणि त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल थेट निघत नाही. एखाद्या कंपनीने वेगळी चिप लावून तो दिला असेल, पण ते क्वचित. पंख्याच्या बाजूला 6 पिनचं पॉवरचं सॉकेटही होतं. हाही पुरावा नाही. 1050 टीआयला 75 वॅट पुरतात आणि तेवढे स्लॉटमधूनच मिळतात, पण काही कंपन्या तरीही ते सॉकेट देतात. मी थांबलो ते तिसऱ्या फोटोवर. कार्डाच्या वरच्या कडेला, पोर्टांच्या टोकाजवळ, सोनेरी दातांची छोटी पट्टी होती. दोन कार्डं पुलासारखी जोडण्यासाठी ती असते, तिला एसएलआय म्हणतात. 1050 टीआयला एसएलआयची सोयच नाही. त्यामुळे ही पट्टी दिसली की ते कार्ड 1050 टीआय असू शकत नाही. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही: पट्टी नाही म्हणजे कार्ड खरं, असं म्हणता येत नाही.

अशी कार्डं बहुतेक वेळा जीटीएस 450 किंवा जीटीएक्स 550 टीआय असतात. आतला बायोस बदलला की विंडोजमध्येही खोटंच नाव दिसतं. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव दाखवून कुणी खात्री देत असेल तर ती खात्री नव्हे. मशीन चालू करता येत असेल तर पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर न्या. ते 2018 पासून अशा कार्डाच्या नावाआधी `[FAKE]` लिहून दाखवतं. चिपचं नाव `GP107` असेल तर कार्ड 1050 टीआयच्या घराण्यातलं, `GF106` किंवा `GF116` असेल तर जुनं. भाच्याला तिथे `GF116` दिसलं. रॅमसाठी पॉवरशेलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Format-Table DeviceLocator, PartNumber, Capacity
```

`Capacity` खाली 4294967296 म्हणजे 4 जीबी आणि 2147483648 म्हणजे 2 जीबी. दोन-दोन आले, फोटोवरचा हिशेब जुळला.

आता किमतीचं. 550 टीआयच्या पिढीला नवे ड्रायव्हर मिळणं 2018 मध्येच थांबलं, म्हणून सौद्यात त्या कार्डाचे पैसे शून्य धरायचे. खरं 1050 टीआय असतं तरी मी फार मोजायला सांगितलं नसतं, कारण त्या पिढीचेही नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 मध्ये संपले. ते बसलं मात्र असतं: मिनी टॉवरच्या एसएमपीएसवर 275 वॅट लिहिलेले होते आणि कार्डाला वेगळी वायर लागली नसती. याच मॉडेलच्या सडपातळ कॅबिनेटात कार्डही कमी उंचीचंच लागतं, तेव्हा पहिल्या फोटोत कॅबिनेटची जात बघूनच कार्ड शोधा.

रॅमचं गणित सोपं. 2 जीबीच्या दोन काढून 4 जीबीच्या दोन घातल्या की 16 होतात आणि बोर्ड 32 पर्यंत घेतो. पण डीडीआर3 वर घातलेला पैसा पुढच्या मशीनमध्ये नेता येत नाही, म्हणून रॅम जुनीच घ्यायची. शिवाय 2012 च्या या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. भाच्याला अकाउंट्सचं काम आणि थोडं ड्रॉइंग करायचं होतं. त्याने मशीन 12 जीबीच्या हिशेबाने, कार्डाशिवाय मागितलं. दुकानदाराने स्क्रू काढून कार्ड बाजूला ठेवलं आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावली. वाचलेल्या पैशांतून त्याच संध्याकाळी त्याने 240 जीबीची एसएसडी घेतली.