क्रिएटिन सुरू करताय? आधी मॅक्स दोनदा मोजा

स्क्वॉटची एक जड रेप तीन-चार सेकंदांत संपते. तेवढ्यापुरती ऊर्जा स्नायूंत क्रिएटिन न घेताही असतेच. क्रिएटिनचा फरक दिसतो तो सेटच्या शेवटी: पाचऐवजी सहा रेप निघतात, पुढच्या सेटला ताकद लवकर भरून येते. ही जादा मेहनत आठ-दहा आठवडे साचली की मॅक्स, म्हणजे एकाच रेपमध्ये उचलता येणारं सर्वांत जास्त वजन, वर सरकतो. डबा उघडून आठवडा झाला नाही तोच मॅक्स लावणं म्हणूनच फुकट.

साधं मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, वेळ कुठलीही चालते. स्नायूंतला साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. रोज २० ग्रॅमच्या लोडिंगने तो आठवड्यात भरतो, पण अनेकांचं पोट बिघडतं. घाई नसेल तर त्या भानगडीत पडू नये. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा पावडर चालू आहे हे आधीच सांगावं.

सुरू करण्याआधी मॅक्स दोनदा मोजायचा, आठवड्याच्या अंतराने. वेळ, बूट, बेल्ट, आदल्या दिवसाची विश्रांती सगळं तेच. समजा, १४० किलोचा अंदाज आहे. रिकाम्या बारनंतर ६० किलोच्या ५ रेप, ९०च्या ३, ११०च्या २, मग १२५ आणि १३२.५ची एकेक. पुढे १४०, आणि जमलं तर १४२.५. दोन जड प्रयत्नांच्या मध्ये चार-पाच मिनिटं बसून राहायचं. रॅकच्या सेफ्टी पिन रिकाम्या बारने तपासून घ्यायच्या: पूर्ण खाली बसल्यावर बारच्या दोन बोटं खाली हव्यात. जास्त वर असल्या तर बार मध्येच अडतो, फार खाली असल्या तर अडकल्यावर उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना एकेक स्पॉटर हवाच. कंबर गोल झाली, चक्कर आली किंवा कुठे कळ आली की त्या दिवसाची टेस्ट तिथेच संपली. मोबाइल बाजूला, नितंबाच्या उंचीवर लावावा; दुसऱ्या वेळी स्क्वॉटची खोली कमी पडली आणि वजन वाढलं, तर ती वाढ नव्हेच.

समजा, आधी १४० आणि १४२.५ आले, दहा आठवड्यांनी १५०. वाढ साडेसात किलो. पण त्याआधीच्या दहा आठवड्यांत क्रिएटिनशिवाय पाच किलो वाढले असतील, तर उरतात अडीच. एवढा फरक तर आधीच्या दोन टेस्टमध्येच होता! त्यामुळे वेगळ्या दिवशी १२० किलोच्या जास्तीत जास्त किती रेप निघतात, हेही आधी आणि नंतर टिपावं. पाचाच्या सात झाल्या तर सुधारणा खरी आहे, एवढं कळतं; त्यातलं क्रिएटिनचं किती, हे एका माणसाच्या वहीतून निघत नाही. सहा महिनेही सराव न झालेल्याने तर मॅक्स लावूच नये. त्याची बरीचशी वाढ तंत्र बसल्याची असते, आणि त्याला ३ ते ५ रेपची टेस्ट पुरते.

वजनकाटाही टिपून ठेवा. स्नायूंत पाणी साठून सुरुवातीलाच एखादा किलो वाढतो, आणि पॉवरलिफ्टिंगच्या ७४ किलो गटात ७३.४ला खेळणारा वजन मोजताना गटाबाहेर जातो.