बीपीडी आणि गर्भजल मोजताना या चुका टाळा

सोनोग्राफीच्या पडद्यावर माप घेण्याच्या खुणा, म्हणजे कॅलिपर, चुकीच्या जागी ठेवले तरी यंत्र आकडा देते, आणि त्या आकड्यावरून गर्भाचे वय आठवडे-दिवसांसह लिहूनही दाखवते. सोनोग्राफी शिकायला आलेले निवासी डॉक्टर बहुतेक वेळा आधी हा आकडा वाचतात आणि चित्र नंतर पाहतात. मी शिकवताना पहिले काही दिवस त्यांना आकडे झाकून फक्त चित्रे दाखवायला लावतो, कारण छेद योग्य आहे की नाही हे चित्रावरूनच कळते.

बीपीडी म्हणजे गर्भाच्या डोक्याची आडवी रुंदी. ती थॅलॅमसच्या पातळीवरील आडव्या छेदातच मोजायची असते. त्या छेदात मेंदूचे दोन्ही अर्धे सारखे दिसतात, मध्यभागी दोन थॅलॅमस दिसतात, आणि मध्यरेषा पुढच्या एक-तृतीयांश भागात कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या छोट्या चौकोनामुळे तुटलेली दिसते. लहान मेंदू दिसू लागला, तर पोटावर फिरवायच्या प्रोबची मागची बाजू खाली झुकली आहे असे समजावे. मध्यरेषा पुढून मागपर्यंत अखंड दिसत असेल आणि थॅलॅमस दिसत नसतील, तर छेद टाळूच्या दिशेने वर गेला आहे. तिथे कवटी निमुळती होत जाते, म्हणून रुंदी कमी भरते. ही दुसरी चूक मला सर्वांत जास्त दिसते, कारण अखंड मध्यरेषेचे चित्र नवशिक्याला अधिक नीटनेटके वाटते.

काही वर्षांपूर्वी एक गर्भवती दुसऱ्या ठिकाणचा अहवाल घेऊन आमच्याकडे आली. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून तारीख ठरलेली होती आणि त्या हिशेबाने तिला 32 आठवडे झाले होते. अहवालात मात्र बीपीडी 72 मिमी, म्हणजे 29 आठवडे लिहिले होते आणि प्रसूतीची तारीख तीन आठवडे पुढे ढकलली होती. सोबतच्या चित्रात कॅव्हम कुठेच नव्हता. आम्ही पुन्हा तपासले, तेव्हा मूल पायाळू असल्याचे दिसले. योग्य छेदात बीपीडी 75 मिमी आली, म्हणजे 30 आठवडे. एक आठवडा छेदाच्या चुकीने गेला होता, पण अजून दोन आठवड्यांचा फरक उरत होता.

त्याचे कारण डोक्याच्या आकारात होते. पायाळू मुलाचे डोके पुष्कळदा दोन्ही बाजूंनी चपटे आणि पुढे-मागे लांबट असते. कवटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजले, तर रुंदी 78 मिमी आणि कपाळापासून मागच्या हाडापर्यंतची लांबी 107 मिमी भरली. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की 73 येतात. हे प्रमाण साधारण 74 ते 83 असावे, त्याखाली गेले की डोके लांबट समजतात आणि एकट्या बीपीडीवरून वय काढत नाहीत. अशा वेळी डोक्याचा घेर पाहावा. तो 290 मिमी होता, म्हणजे नेमका 32 आठवड्यांचा. पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबीही त्याच्याशी जुळत होती. बाळाची वाढ ठीक होती आणि मूळ तारीखही बरोबर होती. पुढे ढकललेली तारीख तशीच राहिली असती, तर दिवस उलटून गेल्यावरही सगळे वाट पाहत बसले असते. पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीख तिसऱ्या तिमाहीतील मापावरून बदलायची नसते, हे मी प्रत्येक तुकडीला सांगतो आणि तरीही दरवर्षी असा एखादा अहवाल हाती येतोच.

कॅलिपर ठेवण्याची पद्धत तुमच्या यंत्रात कोणता तक्ता निवडला आहे यावर ठरते. हॅडलॉकच्या तक्त्यासाठी प्रोबजवळच्या हाडाच्या बाहेरच्या कडेपासून पलीकडच्या हाडाच्या आतल्या कडेपर्यंत मोजतात, तर इंटरग्रोथ-21 च्या तक्त्यासाठी बाहेरून बाहेरपर्यंत मोजतात. वरच्या उदाहरणात 75 आणि 78 हे दोन आकडे एकाच डोक्याचे आहेत, आणि त्या वयात तीन मिलिमीटर म्हणजे आठवड्याहून अधिक फरक होतो. घेराची लंबवर्तुळाकार रेषा हाडाच्या बाहेरच्या कडेवर बसवावी, त्वचेवर नाही. मध्यरेषा पडद्यावर शक्यतो आडवी आणावी, कारण ध्वनिलहरी हाडावर काटकोनात पडल्या तरच त्याची कड स्पष्ट उमटते.

गर्भजलाच्या बाबतीत घाई जास्त नडते. चार भागांच्या पद्धतीत आईची बेंबी आणि पोटावरची उभी मध्यरेषा धरून गर्भाशयाचे चार भाग पाडतात, प्रत्येक भागातील पाण्याच्या सर्वांत खोल पोकळीची उभी खोली मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. प्रोब आईच्या शरीराच्या लांबीला समांतर आणि जमिनीला काटकोनात धरायचा असतो. पाण्याची पोकळी शोधताना नवशिक्याचा हात नकळत प्रोब कुशीकडे तिरका करतो. मग मोजलेली रेषा तिरकी होते आणि खोली वाढते. त्याशिवाय शेजारच्या भागातील पाणी दुसऱ्यांदा मोजले जाते.

त्याहून वाईट चूक म्हणजे नाळेला पाणी समजणे. एका निवासी डॉक्टरने 37 आठवड्यांच्या तपासणीत 3.4, 2.6, 4.1 आणि 2.3 सेंमी मोजून 12.4 अशी बेरीज लिहिली. ती सामान्य होती. पण पोटाची वाढ कमी वाटत असल्यामुळे मी पुन्हा प्रोब हातात घेतला. गेन, म्हणजे चित्राची उजळता, इतका कमी ठेवलेला होता की नाळेचे वेटोळेही काळे दिसत होते. गेन वाढवून प्रोब सरळ धरल्यावर 1.8, 1.0 आणि 1.5 सेंमी मिळाले, आणि 4.1 सेंमीची ती पोकळी पूर्णपणे नाळेने भरलेली निघाली, म्हणून तिथे शून्य. बेरीज 4.3 आली. पाचपेक्षा कमी बेरीज आणि दोन सेंमीपेक्षा कमी खोलीची सर्वांत मोठी पोकळी, या दोन्ही निकषांवर पाणी कमी ठरले आणि त्या गर्भवतीला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवले.

शंका आली की मी कलर डॉप्लर क्षणभर लावून नाळ ओळखतो आणि रंग काढून साध्या चित्रावर मोजतो. सारा वेळ रंग लावून मोजले तर आकडे कमी येतात आणि पाणी कमी असल्याचे निदान उगाच वाढते. पोकळी किमान एक सेंमी रुंद असावी. हात आणि पाय यांमधली अरुंद फट मोजू नये. प्रोब दाबला तर पाणी बाजूला सरकते, म्हणून हात हलका ठेवावा. आईचे पोट जाड असेल, तर वरच्या बाजूला उमटणाऱ्या खोट्या राखाडी प्रतिध्वनींमुळे खरे पाणी झाकले जाते. तिथे प्रोबची जागा बदलून पाहावे.

जुळ्यांमध्ये बेरीज करू नये, प्रत्येक पिशवीतील सर्वांत खोल पोकळी वेगळी लिहावी. एकाच गर्भाच्या बाबतीतही मी अहवालात बेरजेसोबत सर्वांत खोल पोकळीचा आकडा देतो. तो 2 ते 8 सेंमी असेल आणि फक्त बेरीज थोडी कमी असेल, तर प्रसूतितज्ज्ञांना दोन्ही गोष्टी दिसाव्यात. फक्त बेरजेवर विसंबले की कमी पाण्याचे निदान आणि कळा आणण्याचे प्रमाण दोन्ही वाढते, बाळाला मात्र त्याचा फायदा होत नाही, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेफ नावाच्या वैद्यकीय चाचणीत दिसले.

प्रत्येक माप मी तीनदा घेतो आणि प्रत्येक वेळी प्रोब पोटावरून उचलून छेद नव्याने शोधतो. तीच गोठवलेली प्रतिमा पुन्हा पुन्हा मोजली, तर तोच चुकीचा छेद तीनदा मोजला जातो.