सुरुवातीचं वजन लिहिल्याशिवाय बेदाणा रॅकवरून उतरवू नका

आभाळ भरून आलं की शेडमध्ये एकच घाई उडते. मणी आक्रसलेत, रंग आलाय, मग पाऊस येण्याआधी उतरवून घेऊ, असं ठरतं. काही आठवड्यांनी खोकी उघडावीत तर आतून आंबूस वास येतो आणि देठाच्या खळग्यात पांढरी बुरशी दिसते. असा माल वाया जाताना मी पुन:पुन्हा पाहिला आहे. दर वेळी विचारतो, घड टाकताना एखाद्या ट्रेचं वजन लिहून ठेवलं होतं का? उत्तर ठरलेलं असतं: नाही.

डोळ्याला आणि बोटाला जे कळत नाही ते काट्याला कळतं. वाळताना जातं ते पाणी. साखर, साल, आम्ल, म्हणजे घन पदार्थ, जागेवरच राहतात. सारा हिशेब यावरच उभा आहे.

१० किलो ताज्या द्राक्षांचा एक ट्रे घ्या. त्यात २२ टक्के घन पदार्थ आहेत, म्हणजे २.२ किलो, आणि बाकी ७.८ किलो पाणी. बेदाण्यात १५ टक्के ओलावा ठेवायचा, म्हणजे तयार मालात घन पदार्थ ८५ टक्के हवेत. २.२ ला ०.८५ ने भागलं की २.५९ किलो येतात. ट्रे इतक्यावर आला की माल तयार. वजनातली घट ७.४१ किलो, म्हणजे सुमारे ७४ टक्के.

इथे बरेच जण ७८ मधून १५ वजा करतात आणि ६३ टक्के घट धरून ३.७ किलो बेदाण्याची आशा बाळगतात. हा हिशेब चुकीचा आहे. ७८ टक्के हे ताज्या वजनाचे आहेत आणि १५ टक्के वाळलेल्या वजनाचे. दोन वेगळ्या वजनांचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत.

आता खरा धोका पाहा. त्याच ट्रेचं वजन २.८२ किलो असेल, तर ओलावा २२ टक्के आहे, आणि असा माल खोक्यात टिकत नाही. तयार आणि कच्चा यांत १० किलोमागे फक्त २३० ग्रॅमचा फरक! पहिल्या काही दिवसांत वजन झपाट्यानं उतरतं, शेवटी थोडं थोडं. नेमकं तेव्हाच माल ‘झाला’ असं वाटतं. उलट २.४४ किलोपर्यंत वाळू दिला, तर ओलावा १० टक्क्यांवर जातो, मणी कडक होतात आणि विकण्याचं वजन हातचं जातं.

घन पदार्थ काढायला वेगवेगळ्या घडांच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे मणी मिळून १०० ग्रॅम घ्या. अर्धे कापून ७० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवा. दोनदा केलेलं वजन सारखं आलं की थांबा; जितके ग्रॅम उरतील तितके टक्के. ओव्हन नसेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, पाहा. मी ब्रिक्समध्ये सालीसाठी एक मिळवतो. हा शेतावरचा अंदाज आहे, पण कामाला पुरतो.

रॅकवर करायची कामं:
– वरच्या, मधल्या आणि खालच्या थरात एकेक खुणेचा ट्रे
– रिकाम्या ट्रेचं वजन आधी
– द्राक्षांचं वजन डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याच्या, आधी
– १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा
– रोज दुपारी, दव उडाल्यावर, वजन वहीत

देठ काढून तोलणार असाल तर देठांचं वजन वेगळं करून वजा करा. मणी फुटून रस गळाला तर त्याबरोबर साखरही जाते, मग हिशेबापेक्षा माल कमीच भरेल. भिजलेल्या ट्रेचं वजन त्या दिवशी धरू नका. पाऊस दिसतोय म्हणून २.८ किलोवरच उतरवणं भाग पडलं, तर खोक्यात भरू नका. छपराखाली पातळ पसरा, हवा खेळती ठेवा आणि २.५९ येईपर्यंत तोलत राहा.

डिपिंगचं शिफारशीत प्रमाण १०० लिटर पाण्याला २.५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि १.५ लिटर डिपिंग ऑइल. दुकानदार जास्त तेल किंवा महागडं ‘वजनवाढ’ औषध गळ्यात मारतात. तेल सालीवरच्या मेणातून पाण्याला वाट करून देतं, वाळणं लवकर होतं. घन पदार्थ त्यानं एक ग्रॅमही वाढत नाहीत.

वजन वाढतं ते वेलीवर. १८ टक्के घन पदार्थांची द्राक्षं काढली तर हजार किलोतून २१२ किलो बेदाणा मिळतो, २२ टक्क्यांच्या द्राक्षांतून २५९. म्हणून काढणीच्या तोंडावर पाणी तोडा, आणि मण्यात साखर भरल्याचं रिफ्रॅक्टोमीटरवर दिसेपर्यंत कात्री लावू नका.