मुलाने गेममध्ये परस्पर खरेदी केली? स्टोअरला तक्रार लिहिताना या चुका टाळा

कार्डवरून पैसे गेल्याचे मेसेज एकामागोमाग येऊ लागले की संतापाच्या भरात पहिलं वाक्य लिहिलं जातं, ‘माझं अकाउंट हॅक झालंय, ताबडतोब पैसे परत करा.’ खरेदी मुलाने केल्याचं माहीत असूनही अनेक जण असंच लिहितात. हॅक म्हटलं की लवकर लक्ष देतील, असा हिशेब असतो. तो फसतो.

कुठल्या अकाउंटवरून आणि कुठल्या फोनवरून खरेदी झाली, याची नोंद स्टोअरकडे असते. ती रोजच्याच फोनवरून झालेली दिसली की तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावर शंका घेतली जाते. वर अकाउंट सुरक्षेसाठी तात्पुरतं बंद झालं, तर दुखणं आणखी वाढतं. अनोळखी माणसाने कार्ड वापरणं आणि घरातल्या मुलाने वापरणं या स्टोअरच्या दृष्टीने वेगळ्या तक्रारी आहेत. गुगल प्लेवर त्यांचे मार्गही वेगळे आहेत. तेव्हा खरं तेच लिहा: खरेदी मुलाने केली, मी परवानगी दिली नव्हती. यात लाजण्यासारखं काही नाही, सपोर्टवाल्यांना अशा तक्रारी नेहमीच्या आहेत.

दुसरी चूक ऑर्डर क्रमांक न देण्याची. ‘काल संध्याकाळी बरेच पैसे गेले’ यावरून समोरच्याला काहीच शोधता येत नाही. समजा, आठ वर्षांच्या मुलाने २४ मिनिटांत हिऱ्यांचे सहा पॅक घेतले. बँकेच्या मेसेजमध्ये फक्त रक्कम दिसेल, पण स्टोअरच्या पावतीच्या ईमेलमध्ये प्रत्येक खरेदीचा वेगळा क्रमांक असतो. गुगल प्लेचा क्रमांक GPA ने सुरू होतो. सहाच्या सहा क्रमांक लिहा, नाहीतर एकाच पॅकचे पैसे परत येतात आणि बाकीच्या पाचांसाठी पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो. कार्डाचे मात्र शेवटचे चारच अंक द्या. पूर्ण नंबर किंवा ओटीपी मागणारा सपोर्ट खरा नसतो.

अशा वेळी मजकूर साधारण असा असावा:

‘माझ्या आठ वर्षांच्या मुलाने माझ्या फोनवर, माझ्या परवानगीशिवाय, गेममधील हिऱ्यांचे सहा पॅक खरेदी केले. वेळ: १२ तारखेला संध्याकाळी ६:१० ते ६:३४. सहाही ऑर्डर क्रमांक खाली दिले आहेत. पैसे ज्या कार्डवरून गेले त्याचे शेवटचे चार अंक सोबत आहेत. पहिल्या पॅकमधले काही हिरे वापरले गेले आहेत, बाकीचे तसेच आहेत. कळल्यापासून गेम उघडलेला नाही आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग केली आहे. सहाही ऑर्डरची रक्कम त्याच कार्डवर परत करावी, ही विनंती.’

यातलं हिऱ्यांबद्दलचं वाक्य बरेच जण गाळतात. गेम कंपनीला वापर दिसतो, त्यामुळे लपवून उपयोग नाही. उलट तक्रार केल्यानंतरही मूल खेळत राहिलं आणि उरलेले हिरे संपले, तर परतावा नाकारायला आयतं कारण मिळतं. रागाच्या भरात गेममधलं खातंही उडवू नका, कारण त्याच खात्यात हिरे शिल्लक असल्याचा पुरावा आहे.

तक्रार कुठे करायची, यातही गफलत होते. ज्या अकाउंटवरून खरेदी झाली त्याच अकाउंटने लॉगिन करून विनंती करायची. ॲपलसाठी reportaproblem.apple.com हे पान आहे. तिथे रक्कम अजून ‘प्रलंबित’ दिसत असेल तर विनंती करता येत नाही, व्यवहार पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. गुगल प्लेवर मात्र रेंगाळू नका. ४८ तास उलटून गेले की बऱ्याचदा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जायला सांगतात.

स्टोअरकडे विनंती केली आणि त्याच दिवशी बँकेतही व्यवहार नाकारला, हा उतावीळपणा सर्वात जास्त नडतो. बँकेचा वाद सुरू झाला की स्टोअर आपल्या बाजूची प्रक्रिया थांबवू शकतं, आणि अकाउंटवर निर्बंध आले तर आधी घेतलेली ॲप्सही अडकू शकतात. बँक हा नंतरचा मार्ग ठेवा. फक्त वाद नोंदवायची बँकेची मुदत आधीच विचारून घ्या, म्हणजे स्टोअरच्या उत्तराची वाट पाहताना ती निघून जाणार नाही.

नकार आला तर तोच मजकूर नव्या तक्रारीत डकवू नका. जुन्याच तक्रारीच्या उत्तरात, आधी न दिलेलं काहीतरी जोडा: शिल्लक हिऱ्यांचा स्क्रीनशॉट, बदललेल्या सेटिंगचा स्क्रीनशॉट किंवा राहून गेलेला ऑर्डर क्रमांक. नकाराचं कारण कळवलेलं नसेल तर एका ओळीत तेही विचारा. बँकेकडे जायची वेळ आली तर स्टोअरचं ते लेखी उत्तर सोबत जोडता येतं.